दुसऱ्या विवाहाची अपत्ये आणि वडिलांची जमीन

खातेदार शेतकरी मृत्यू पावला म्हणजे त्याच्या सातबारावर वारसांची नावे लागेपर्यंत त्या जमिनीचे पुष्कळसे व्यवहार अडून राहतात. पीककर्ज, विमा, ठिबक संचाचे अनुदान या सर्वांना चालू सातबारा लागतो. वारसाची नोंद ज्या घरात वर्षानुवर्षे अडलेली असते, त्यांपैकी काही घरांत कारण एकच असते. मयताने पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केलेले असते आणि त्या दुसऱ्या संसारातही मुले असतात. पहिल्या घरचे म्हणतात, “ते लग्नच कायद्याने खोटे, तेव्हा त्या मुलांना बांधावरही उभे राहू देणार नाही.” दुसऱ्या घरचे म्हणतात, “बाप एकच, तेव्हा सारे भाऊ सारखे, निम्मी जमीन आमची.” कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही म्हणणी बरोबर नाहीत. खरा नियम या दोहोंच्या मध्ये आहे, आणि तो नीट समजला तर बहुतेक तंटे कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीच मिटू शकतील. शेतकरी बंधुभगिनींच्या माहितीसाठी तो नियम येथे उदाहरणासह मांडला आहे.

शून्य विवाह व शून्यकरणीय विवाह

हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ पासून अंमलात आला. हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन व शीख यांनाही तो लागू आहे. या कायद्याने काही विवाह मुळातच शून्य ठरविले आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते झालेच नाहीत असे समजावयाचे. वर किंवा वधू यांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात असून तो विवाह मोडलेला नसेल, अथवा दोघांमध्ये निषिद्ध नाते किंवा सपिंड नाते असेल, तर तो विवाह शून्य होय. मात्र नात्याच्या बाबतीत रूढीला कायद्याने मान दिला आहे. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. जेथे अशी चाल सिद्ध होते तेथे ते लग्न पूर्णपणे वैध असते.

शून्यकरणीय विवाह याहून वेगळा. फसवून किंवा बळजबरीने संमती घेतलेली असणे, जोडीदाराचा मानसिक विकार इतका असणे की तो विवाहास अपात्र ठरावा, नपुंसकत्व, किंवा विवाहाच्या वेळी वधू दुसऱ्या पुरुषापासून गर्भवती असणे ही त्याची कारणे होत. असा विवाह कोर्टाने रद्द करीपर्यंत वैधच राहतो, आणि तो रद्द करून मागण्याचा अधिकार पतिपत्नींनाच असतो. भाऊबंदांना तो नाही. फसवणुकीच्या कारणावर अर्ज करावयाचा तर फसवणूक उघडकीस आल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. म्हणून पती वारल्यानंतर त्याचे भाऊ जर म्हणू लागले की, “लग्नात आमच्या भावाला फसविले होते, सबब मुलांना वाटा नाही,” तर त्या म्हणण्यास काही अर्थ उरत नाही. तो विवाह कोणी रद्द करून घेतलेला नसतो, आणि त्याची अपत्ये इतर कोणत्याही वैध विवाहाच्या अपत्यांसारखीच असतात. खरा प्रश्न उद्भवतो तो शून्य विवाहाच्या, आणि हुकूमनाम्याने रद्द झालेल्या शून्यकरणीय विवाहाच्या अपत्यांचा.

कायद्याने अपत्यांचा दोष मानलेला नाही

आईबापांच्या विवाहात दोष असला तरी त्याची शिक्षा मुलांना होऊ नये, हे तत्त्व या अधिनियमाच्या कलम १६ मध्ये आहे. १९५५ सालच्या मूळ शब्दरचनेत मात्र एक मोठी त्रुटी होती. कोर्टाने तो विवाह शून्य असल्याचा हुकूमनामा दिला असेल तरच मुले औरस मानली जात. ज्या शून्य विवाहाबद्दल कोणी कोर्टात गेलेच नाही, त्याची मुले अनौरस राहत. खेड्यांतून असे हुकूमनामे कोण घेतो? त्यामुळे ज्यांना संरक्षणाची सर्वांत अधिक गरज होती तीच मुले वगळली गेली. १९७६ च्या दुरुस्तीने ही त्रुटी दूर केली. आता हुकूमनामा असो वा नसो, आणि अपत्याचा जन्म दुरुस्तीपूर्वीचा असो वा नंतरचा, शून्य विवाहाचे अपत्य औरसच होय. मुलगा व मुलगी यांत येथे फरक नाही.

परंतु त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात एक मर्यादा आहे. अशा अपत्याला आपल्या आईबापांच्या मालमत्तेत हक्क मिळतो, इतर कोणाच्याही मालमत्तेत नाही. आजोबा, चुलते, चुलत भाऊ यांच्या मिळकतीवर त्याला काहीही सांगता येत नाही. सारा वाद या एका मर्यादेभोवती फिरत राहिला. बाप जर एकत्र कुटुंबात असेल, तर एकत्र मिळकतीतील कोणता भाग ‘बापाची मालमत्ता’ म्हणावयाचा?

२००३ व २०१० सालच्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने असे अपत्य बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीपुरतेच वारस आहे, वडिलोपार्जित मिळकतीत त्याला काही नाही, असे धरले होते. २०११ साली कर्नाटकातील रेवणसिद्धप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या दाव्यात दोन न्यायमूर्तींना ते मत पटले नाही व त्यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविला. त्याचा निकाल तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२३ रोजी दिला, आणि आज तोच कायदा आहे.

निकालाचे सार

या निकालाचे दोन भाग लक्षात ठेवावेत. पहिला असा की, शून्य विवाहाचे अपत्य जन्माने सहदायाद होत नाही. सहदायाद म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच हक्क असणारी व्यक्ती. औरस मुलगा व, २००५ च्या दुरुस्तीनंतर, मुलगीही सहदायाद असते आणि बाप जिवंत असतानाही वाटणी मागू शकते. शून्य विवाहाच्या अपत्याला ती मागता येत नाही.

दुसरा भाग असा की, बाप मृत्यू पावला म्हणजे त्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी कुटुंबाची वाटणी झाली असे कायदा कल्पितो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ मध्ये ही तरतूद आहे. त्या कल्पित वाटणीत बापाच्या वाट्यास जेवढे येईल तेवढी त्याची स्वतःची मालमत्ता होय, आणि त्या वाट्यात शून्य विवाहाचे अपत्य इतर वारसांच्या बरोबरीने भाग घेते. म्हणजे त्याचा हक्क कुटुंबाच्या मिळकतीत नसून त्या मिळकतीतील बापाच्या वाट्यात आहे. म्हणूनच अशा प्रत्येक प्रकरणात पहिला प्रश्न असा विचारावा की, या जमिनीपैकी बापाची स्वतःची किती?

एक उदाहरण

केवळ समजुतीसाठी एक कल्पित कुटुंब घेऊ. रामजीच्या वडिलांनी स्वतः १२ एकर जमीन विकत घेतली होती. रामजी त्यांचा एकुलता एक मुलगा, आई आधीच वारलेली. वडील १९५१ साली निवर्तले. रामजीचे १९६६ साली पार्वतीशी लग्न झाले व त्यांना सखाराम आणि गंगू ही दोन अपत्ये झाली. पार्वती हयात असताना, काडीमोड न घेता, रामजीने १९७९ साली यमुनेशी दुसरे लग्न केले, व त्या संसारात नामदेव हा मुलगा झाला. पुढे रामजीने स्वतःच्या कमाईतून आणखी ४ एकर जमीन घेतली. २०२२ साली तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पार्वती, सखाराम, गंगू, यमुना व नामदेव आहेत, आणि जमीन १६ एकर.

१९५१ साली जुना हिंदू कायदा चालू होता. त्या कायद्याप्रमाणे बापाकडून आलेली जमीन मुलाच्या हाती वडिलोपार्जित होत असे आणि त्याच्या अपत्यांना तीत जन्मतः हक्क मिळत असे. म्हणून १२ एकर एकत्र कुटुंबाचे धरावयाचे. आता कल्पित वाटणी करू. रामजी, पार्वती, सखाराम व गंगू असे चार वाटे होतात. बाप व मुले यांच्यात वाटणी झाली तर पत्नीलाही मुलाइतका वाटा मिळतो. हा नियम महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे, आणि विधवेला या कल्पित वाटणीतील वाटा द्यावाच लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली येथीलच गुरुपाद मगदूम यांच्या दाव्यात ठरविले आहे. प्रत्येकी ३ एकर आले. नामदेव सहदायाद नाही, म्हणून या पहिल्या वाटणीत त्याचे नाव येत नाही.

रामजीचे ३ एकर आता त्याच्या वर्ग १ च्या वारसांकडे जातील. ते वारस म्हणजे विधवा पार्वती, सखाराम, गंगू व नामदेव हे चौघे. प्रत्येकास पाऊण एकर, म्हणजे ३० गुंठे मिळतात. स्वकष्टाच्या ४ एकरांत कल्पित वाटणीचा प्रश्नच नाही, ते सर्वस्वी रामजीचे. तेथे चौघांना एकेक एकर मिळते. एकूण हिशेब असा झाला: पार्वती, सखाराम व गंगू यांना प्रत्येकी ४ एकर ३० गुंठे, नामदेवास १ एकर ३० गुंठे. बेरीज १६ एकर भरते. यमुनेला मात्र वारस म्हणून काहीच मिळत नाही. कलम १६ अपत्यांना औरस ठरविते, विवाहाला वैध करीत नाही. त्यामुळे ती कायद्याने रामजीची विधवा नव्हे.

आता या कथेतील एकच गोष्ट बदलू. रामजीचे वडील १९५१ ऐवजी १९६१ साली वारले असे समजा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ पासून लागू आहे. त्यानंतर बापाची स्वतःची जमीन वारसाहक्काने मुलास मिळाली, तर ती त्या मुलाची वैयक्तिक मिळकत होते, त्याच्या मुलांना तीत जन्मतः हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली हे स्पष्ट केले आहे. मग सगळे १६ एकर रामजीचे स्वतःचे ठरतात, चौघे वारस सारखे भाग घेतात, व नामदेवास १ एकर ३० गुंठ्यांऐवजी पूर्ण ४ एकर मिळतात.

यावरून ध्यानात येईल की, गावात आपण जिला ‘वडिलोपार्जित’ म्हणतो ती प्रत्येक जमीन कायद्याने तशी नसते. आजोबांची जमीन म्हणून ती वडिलोपार्जित, एवढ्यावर हिशेब करू नये. आजोबांना ती कशी मिळाली, ते केव्हा वारले, त्यांच्यात व भावंडांत वाटणी झाली होती काय, हे जुने फेरफार काढून पाहावे. नामदेवाच्या वाट्याचे उत्तर त्याच्या आईच्या लग्नपत्रिकेत जेवढे आहे त्याहून अधिक या जुन्या फेरफारांत आहे.

विवाह खरोखर शून्य आहे काय?

हिशेबापूर्वी आणखी एक तपास आवश्यक आहे. दुसरे लग्न म्हटले की ते शून्यच, असे नेहमी नसते. जुन्या मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने व देशात सर्वत्र १९५५ च्या अधिनियमाने हिंदू पुरुषास दुसरी पत्नी करण्याची बंदी झाली. बंदी लागू होण्यापूर्वीचे दुसरे लग्न वैध होते, आणि त्याची अपत्ये पूर्ण हक्काची होत.

दुसरी गोष्ट काडीमोडीची. ज्या समाजात पंचांसमक्ष काडीमोड घेऊन पुन्हा लग्न किंवा पाट लावण्याची जुनी चाल आहे, तेथील रूढीचा घटस्फोट अधिनियमाने शाबूत ठेवला आहे. अशी काडीमोड खरोखर झाली असेल तर नंतरचा विवाह वैध ठरतो, व त्याची मुले सहदायादही होतात. परंतु चाल आहे हे आणि त्याप्रमाणे काडीमोड झाली हे, दोन्ही सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर असतो. ज्या समाजात तशी चाल नाही तेथे मुद्रांकावर लिहून दिलेल्या फारकतीने विवाह मोडत नाही. अशा कागदावर विसंबून केलेली दुसरी लग्ने पुढे शून्य ठरल्याची प्रकरणे कोर्टात वारंवार येतात.

याउलट दुसऱ्या बाजूची मर्यादाही ओळखावी. कलम १६ विवाहाच्या अपत्यांना लागू आहे, म्हणून काही तरी विवाह झाला होता हे दाखवावे लागते. स्त्रीपुरुष दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून एकत्र राहिले असतील तर त्यांचा विवाह झाला असावा असे कोर्ट अनुमान काढू शकते, पण ते अनुमान विरुद्ध पुराव्याने खोडता येते. त्यामुळे अपत्याजवळ जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद असे बापाचे नाव असलेले कागद असणे हिताचे ठरते. हे कागद बापाच्या हयातीतच नीट करून घ्यावेत.

बापाच्या हयातीत व मृत्युपत्राने

बाप जिवंत असेपर्यंत नामदेवासारख्या अपत्यास जमिनीत काहीही मागता येत नाही. हयातीत घरात वाटणी झाली तर तीतही त्याला वाटा नाही, पण त्या वाटणीत बापास जे मिळेल ते बापाच्या पश्चात त्याच्या सर्व वारसांकडे जाईल, आणि त्यांत नामदेव असेल. बाप आजोबांच्या आधी वारला तर आजोबांच्या मिळकतीत ‘मयत मुलाचा मुलगा’ म्हणून नामदेवास उभे राहता येत नाही, कारण ती त्याच्या बापाची मालमत्ता नव्हे. आईच्या मालमत्तेत मात्र त्याचा हक्क आहेच.

बापाला स्वकष्टार्जित जमिनीचे व एकत्र मिळकतीतील आपल्या वाट्याचे मृत्युपत्र करता येते. त्याने यमुनेला काही द्यावयाचे ठरविले तर तिच्यासाठी हाच मुख्य मार्ग आहे. त्याच अधिकाराने तो नामदेवास वगळूही शकतो, जसा तो सखारामासही वगळू शकतो. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तथापि पुढील तंटा टाळण्यास ती उपयोगी पडते.

वारस नोंदीच्या वेळी

खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. अर्जासोबत मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. प्रकरण प्रथम गाव नमुना ६-क मध्ये, व नंतर फेरफार म्हणून गाव नमुना ६ मध्ये नोंदले जाते. संबंधितांना नोटीस निघते व हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आल्यास मंडळ अधिकारी चौकशी करून निर्णय देतो, व त्यावर प्रांताधिकाऱ्याकडे अपील करता येते.

येथे हमखास होणारी चूक म्हणजे दुसऱ्या घरच्या अपत्यांची नावे प्रतिज्ञापत्रातून गाळणे. नोंद त्या वेळी मंजूर होते, पण फेरफार हा सारावसुलीचा कागद आहे, मालकीचा निर्णय नव्हे. गाळलेले अपत्य पुढे दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा आणते. तोवर जमीन गहाण पडलेली किंवा विकलेली असते, आणि तिसरा खरेदीदारही खटल्यात ओढला जातो. एका सहवारसाचा ताबा सर्वसाधारणपणे सर्वांच्या वतीने समजला जातो, म्हणून केवळ काही वर्षे लोटली एवढ्याने गाळलेल्याचा हक्क बुडत नाही. मात्र त्यास उघडपणे हक्क नाकारून बाहेर ठेवले असेल, तर त्याला हे कळल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

दुसऱ्या घरच्यांची नेहमीची चूक याच्या उलट असते. यमुनेचे नाव ‘पत्नी’ म्हणून लावण्याचा आग्रह धरला जातो, हरकत येते, आणि त्या भांडणात नामदेवाची बिनतक्रार होऊ शकणारी नोंदही अडकून पडते. आईचा प्रश्न व मुलाचा प्रश्न वेगळे ठेवून आधी मुलाचे नाव लावून घेणे शहाणपणाचे.

नोंदीनंतर सरसनिरस मानाने जमीन वाटून घेताना तुकडेबंदी कायद्याकडेही पाहावे. वाट्यास येणारे क्षेत्र ठरलेल्या प्रमाणाहून लहान होत असेल तर तेवढी जमीन वेगळी तोडता येत नाही, त्या वारसास वाट्याची किंमत पैशाने द्यावी लागते. वर सांगितलेल्या कुटुंबात ३० गुंठ्यांचा वाटा व एक एकराचा वाटा एकाच गटात लागून घेतला, तर नामदेवास सलग कसता येईल असे क्षेत्र मिळते आणि इतरांचे शेतही तुटत नाही.

हे सर्व नियम ज्यांना हिंदू विवाह अधिनियम लागू आहे त्यांच्यापुरते आहेत. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू नाही, मुसलमान बांधवांचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतो, व गोव्यात वारशाचा कायदा वेगळा आहे. तंटा असल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना आजोबांच्या काळापासूनचे फेरफार, जुने सातबारा, मृत्यूचे दाखले व जन्मदाखले सोबत न्यावेत. वकील प्रथम तेच कागद मागेल.